इंग्लंडातली लग्नं, तिथले मृत्यू आणि आमचं दूध

१८६६ ते १९११ या ४६ वर्षांत इंग्लंड आणि वेल्समध्ये दोन गोष्टी हळूहळू घटत गेल्या. पहिली, दर हजार लग्नांपैकी चर्च ऑफ इंग्लंडच्या विधीने लागणारी लग्नं. दुसरी, दर हजार लोकसंख्येमागे वर्षाला होणारे मृत्यू. जॉर्ज उडनी यूल नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने हे दोन्ही आकडे शेजारी मांडले आणि त्यांचं कोरिलेशन काढलं. उत्तर आलं ०.९५१२.

कोरिलेशन म्हणजे दोन गोष्टी किती जोडीने हलतात याचं माप. ते उणे एक ते अधिक एक यांच्यामध्ये कुठेतरी असतं. शून्य म्हणजे एकमेकींशी काही देणंघेणं नाही, एक म्हणजे पक्की जोडी. ०.९५ हा आकडा प्रत्यक्ष कामात क्वचितच दिसतो. पाठ्यपुस्तकातल्या सूत्रात घातला, तर ही जोडी निव्वळ योगायोगाने जुळली असण्याची शक्यता जवळपास शून्य निघते. मग निष्कर्ष काय काढायचा? चर्चमध्ये लग्नं लावणं थांबवलं तर माणसं मरायची थांबतील?

यूलने हा निबंध १९२६ साली छापला. शीर्षकातच त्याने 'नॉनसेन्स कोरिलेशन' असा शब्द वापरला होता. मला त्या निबंधातली एक गोष्ट फार आवडते. कोणी हुशार माणूस उठून म्हणेल की विज्ञानाचा प्रसार झाला म्हणून चर्चची लग्नं घटली आणि विज्ञानामुळेच मृत्यूही घटले, तेव्हा हा संबंध खराच आहे, हे यूलने आधीच ओळखलं होतं. थोडी कल्पकता असली की कशाचीही संगती लावता येते, असं म्हणून त्याने ती पळवाट बंद करून टाकली. त्याला पडलेला प्रश्न वेगळा होता. एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन मालिका इतक्या सहजी, इतक्या वेळा, इतकं मोठं कोरिलेशन का देतात? आणि योगायोग ओळखण्यासाठीच बनवलेलं सूत्र इथे आंधळं का होतं?

हा प्रश्न माझ्या रोजच्या कामाचा आहे. मी एका तालुक्याच्या दूध संघात आकडेवारी बघते. (संघाचं नाव सांगत नाही, उद्याही तिथे जायचं आहे.) दोनेक वर्षांपूर्वी तिथे बाहेरून एक सल्लागार आले होते. त्यांनी पडद्यावर एक आलेख दाखवला. पाच वर्षांतलं दर महिन्याचं दूध संकलन निळ्या रेषेत, आणि संघ विकतो त्या खनिज मिश्रणाच्या पिशव्यांची विक्री केशरी रेषेत. डावीकडे लिटरची पट्टी, उजवीकडे पिशव्यांची. दोन्ही रेषा डावीकडून उजवीकडे अशा चढत गेल्या होत्या, जणू एकीने दुसरीचं बोट धरलंय. कोरिलेशन ०.९ च्या वर. खाली एक समीकरण, एक पिशवी जास्त खपली की इतकं लिटर दूध जास्त. त्यावरून प्रस्ताव असा की प्रत्येक सभासदाने दर महिन्याला एक पिशवी घ्यायचीच, पैसे दुधाच्या बिलातून परस्पर कापून घेऊ.

आमच्या काकूंच्या दोन गायी आहेत. त्यांचं दूध याच संघाला जातं. दर दहा दिवसांचं बिल हातात आलं की आधी पशुखाद्याची उधारी वजा, मग कर्जाचा हप्ता वजा, आणि उरेल त्यात घर. त्यांना फोनवर हे सांगितलं तर म्हणाल्या, "पावडर वाईट नसते गं. पण माझ्या गाईला लागतीये की नाही ते मला न विचारता कापणार?"

त्या समीकरणावर शेकडो घरांच्या बिलातले पैसे टांगलेले होते. म्हणून ते समीकरण नेमकं काय सांगतं, हे बघणं भाग होतं.

कोरिलेशन काढताना आपण प्रत्येक महिन्यासाठी एकच प्रश्न विचारतो. हा आकडा आपल्या सरासरीच्या वर आहे की खाली, आणि किती? दोन्ही मालिका एकाच महिन्यात वर असतील, किंवा दोन्ही खाली असतील, तर कोरिलेशन वाढतं. आता जी मालिका पाच वर्षं सतत चढत गेलीये, तिचं काय होणार? तिची पहिली अडीच वर्षं सरासरीच्या खाली जाणार आणि पुढची अडीच वर. कुठल्याही चढत्या मालिकेचं हेच होणार. मग अशा कुठल्याही दोन मालिका घ्या, पूर्वार्धात दोघीही खाली, उत्तरार्धात दोघीही वर. दूध आणि पिशव्या सोडा, त्याच पाच वर्षांतली माझ्या फोनमधल्या फोटोंची संख्या घेतली असती, तरी तिचं दुधाशी कोरिलेशन ०.९ च्या आसपासच आलं असतं. आकडा एवढंच सांगतो की दोघी वाढल्या. ते तर रेषा बघूनच कळत होतं.

हे एक सोपं उदाहरण करून बघा, कागद-पेन पुरे. मी मुद्दाम रचलेले सहा-सहा आकडे आहेत. पहिली मालिका: १००, १०३, १०४, १०८, १०९, ११२. दुसरी: २०, २१, २४, २५, २८, ३०. दोघींचं कोरिलेशन येतं ०.९७, यूलच्या लग्नांपेक्षाही जास्त. आता आकडे बाजूला ठेवा आणि फक्त प्रत्येक पावलाला किती वाढ झाली ते लिहा. पहिलीची वाढ: ३, १, ४, १, ३. दुसरीची: १, ३, १, ३, २. नीट बघा, पहिली जेव्हा मोठी उडी मारते तेव्हा दुसरी छोटी मारते, आणि उलट. या वाढींचं कोरिलेशन उणे ०.९३ आहे. तेच आकडे, तोच काळ. मूळ पातळ्या म्हणतात आम्ही जिवलग, बदल म्हणतात आमचं पटत नाही.

लागोपाठच्या आकड्यांची वजाबाकी करून बदलांची मालिका बनवणं, यालाच डिफरन्सिंग म्हणतात. नाव भारदस्त आहे, काम पहिलीच्या वजाबाकीचं. पण वजाबाकीने नेमकं काय साधतं ते कळायला अजून एक पाऊल पुढे जावं लागतं. कारण चढ किंवा उतार हा रोगाचा फक्त एक प्रकार आहे. दुसरा जास्त फसवा आहे, त्यात मालिकेला वर ढकलणारं काहीच नसतं.

समजा, तुम्ही तुमच्या घरी नाणं उडवताय आणि दुसऱ्या गावात तुमची मैत्रीण तिचं. छापा आला की एक मिळवायचा, काटा आला की एक वजा करायचा आणि दर वेळी चालू बेरीज लिहायची. असं पन्नास वेळा. नाण्यांना एकमेकांची खबर नाही. उडवलेल्या नाण्यांचं कोरिलेशन काढलं तर शून्याच्या आसपास येईल, अपेक्षेप्रमाणे. पण चालू बेरजांचं काढलं तर? तिथे ०.६ येऊ शकतं, उणे ०.७ येऊ शकतं, काहीही येऊ शकतं.

कारण बेरीज विसरत नाही. आजची बेरीज म्हणजे कालची बेरीज अधिक आजचं नाणं. पहिल्या नाण्याचा निकाल पन्नासच्या पन्नास बेरजांत बसलेला असतो. सुरुवातीला चार छापे जास्त पडले तर मालिका वर जाते आणि तिला खाली ओढणारं काहीच नसल्यामुळे बराच वेळ वरच रेंगाळते. अशा मालिकेला रँडम वॉक म्हणतात. पाठ्यपुस्तकातलं सूत्र धरून चालतं की तुमच्याकडे पन्नास स्वतंत्र साक्षीदार आहेत. प्रत्यक्षात एकाच माणसाने जरा जरा बदलून पन्नास वेळा दिलेली साक्ष असते. यूलच्या ४६ वर्षांचंही तेच. मृत्युदर दर जानेवारीला नव्याने कोरा सुरू होत नाही, तो गेल्या वर्षीच्या जागेवरूनच पुढे सरकतो.

इथे वाटतं, आकडे कमी आहेत म्हणून असं होतंय, पन्नासऐवजी पाच हजार वेळा नाणं उडवलं तर गोंधळ निवळेल. नाही निवळत. फिलिप अर्न्स्ट, लॅरी शेप आणि अब्राहम वायनर या तिघांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात हे गणिताने मांडलं. मालिका कितीही लांबवत नेली, तरी दोन स्वतंत्र रँडम वॉकचं कोरिलेशन शून्याकडे आकसत नाही. त्याचं प्रमाण विचलन ०.५ च्या किंचित खाली येऊन थांबतं. म्हणजे काही संबंध नसताना अधिक किंवा उणे ०.५ दिसणं ही तिथली नेहमीची गोष्ट आहे.

यूलने हे १९२६ मध्ये सांगूनही अर्थशास्त्रात पुढची जवळपास पन्नास वर्षं किमतींवर पैशाचा पुरवठा, उपभोगावर उत्पन्न अशी समीकरणं जोमाने मांडली जात राहिली. १९७४ साली क्लाइव्ह ग्रेंजर आणि पॉल न्यूबोल्ड यांनी कॉम्प्युटरवर हाच नाण्याचा खेळ केला. पन्नास-पन्नास आकड्यांचे दोन स्वतंत्र रँडम वॉक, एकावरून दुसऱ्याचा अंदाज बांधणारं समीकरण, आणि असं शंभरदा. नेहमीच्या चाचणीने 'संबंध आहे' असा चुकीचा कौल शंभरातून पाचेक वेळा द्यायला हवा. तिने तो सुमारे तीन-चतुर्थांश वेळा दिला. पुढे १९८६ मध्ये पीटर फिलिप्सने सिद्ध केलं की आकडे वाढवत नेले तर हा खोटा कौल अजूनच ठाम होत जातो.

डेव्हिड हेन्ड्रीने १९८० मध्ये केलेली गंमत तर मी बैठकीत सांगून टाकली. त्याने ब्रिटनमधल्या किमतींची पातळी एका गूढ चलाने इतकी सुंदर समजावून दाखवली की पैशाचा पुरवठा फिका पडावा. ते चल होतं ब्रिटनमध्ये पडलेल्या पावसाची साठत जाणारी बेरीज. पावसाची बेरीज कमी होऊच शकत नाही, आणि किमतीही चढतच होत्या. चेअरमन साहेब हसले. सल्लागार हसले नाहीत.

ग्रेंजर आणि न्यूबोल्ड यांनी ओळखायची एक खूणही दिली, आणि मला ती सगळ्यात कामाची वाटते. समीकरण मांडलं की दर महिन्याला त्याचा अंदाज किती चुकला ते बघा. संबंध खरा असेल तर चुका विखुरलेल्या असतात, या महिन्यात जास्त, पुढच्या महिन्यात कमी, मग परत जास्त, काही ठरावीक नाही. खोट्या संबंधात चुका टोळीने राहतात. सलग आठ-दहा महिने अंदाज जास्त, मग सलग वर्षभर कमी. ही टोळी मोजायला डर्बिन-वॉटसन नावाचा आकडा आहे. तो २ च्या आसपास असला तर ठीक, शून्याकडे झुकला तर चुका एकमेकींना चिकटलेल्या आहेत. समीकरण किती बसतं ते सांगणारा आर-स्क्वेअर या डर्बिन-वॉटसनपेक्षा मोठा निघाला की संशय घ्या, असा त्यांचा ठोकताळा. सल्लागारांच्या आलेखात आर-स्क्वेअर ठळक अक्षरात होता. डर्बिन-वॉटसन नव्हता. मी काढला तर तो १ च्याही खाली होता.

मूळ प्रश्न मात्र मालिका स्टेशनरी आहे का, हा आहे. (वह्या-पेनांची नव्हे, स्थिर या अर्थाने.) जी मालिका आपल्या एका सरासरीभोवती घुटमळते, लांब गेली तरी परत येते, आणि जिचं वर-खाली होणं सगळ्या काळात साधारण सारखंच असतं, ती स्टेशनरी. तपासायची एक प्रसिद्ध रीत डेव्हिड डिकी आणि वेन फुलर यांनी १९७९ मध्ये दिली. कल्पना सोपी आहे. मालिका आज फार वर असेल, तर उद्या तिला खाली ओढ लागते का? ओढ स्पष्ट दिसली तर ती स्थिर. ओढ दिसत नसेल तर तिला रँडम वॉकसारखी समजून वागवा. एक खाच आहे. इथे नेहमीचा मापदंड चालत नाही, कारण मापदंड बनवणारं गृहीतकच इथे तपासलं जातंय. नेहमीच्या एकतर्फी चाचणीत साधारण उणे १.६५ च्या खाली गेलं की पुरतं. इथे, मोठ्या नमुन्यात, उणे २.८६ च्या खाली जावं लागतं. आणि साठ महिन्यांसारख्या छोट्या मालिकेत ही चाचणी मंददृष्टीच असते, हळू परतणारी मालिका आणि कधीच न परतणारी मालिका तिला सारख्याच दिसतात. म्हणून मी चाचणीबरोबर आलेख डोळ्यांनीही बघते.

आता वजाबाकीने काय साधतं ते कळेल. नाण्यांच्या बेरजांतून लागोपाठची वजाबाकी केली की उरतात नुसती नाणी, स्वतंत्र आणि विसराळू. साठत आलेली आठवण निघून जाते आणि सूत्राला हवे होते तसे साक्षीदार मिळतात. सतत चढणाऱ्या मालिकेतही वजाबाकीने चढाचा एक ठरावीक आकडा होतो आणि तो सरासरीत मुरतो. (मालिका एखाद्या सरळ रेषेभोवतीच घुटमळत असेल, तर वजाबाकीपेक्षा ती रेषाच वजा करणं बरं. तो वेगळा दुरुस्तीचा प्रकार.)

एक्सेलमध्ये हे दोन मिनिटांचं काम आहे. B मध्ये दूध, C मध्ये पिशव्या, दुसऱ्या ओळीपासून साठ महिने.

```
D3:  =B3-B2
E3:  =C3-C2
     (61 पर्यंत खाली ओढा)
     =CORREL(D3:D61,E3:E61)
```

दुधाच्या बाबतीत मी एवढ्यावर थांबले नाही, कारण दुधाला ऋतू असतो. थंडीत चारा मुबलक, दूध वाढतं, उन्हाळ्यात आटतं. नुसता महिन्यागणिक फरक घेतला तर त्यात सगळा ऋतूच दिसतो. म्हणून आधी प्रत्येक महिन्यातून गेल्या वर्षीचा तोच महिना वजा केला, आणि मग त्या फरकांचा महिन्यागणिक फरक काढला. पावडरचा परिणाम लगेच दिसत नसेल, म्हणून पिशव्यांचा आकडा एक, दोन, तीन महिने मागे सरकवूनही बघितलं. सगळीकडे कोरिलेशन शून्याच्या आसपास. ज्या महिन्यात पिशव्या नेहमीपेक्षा जास्त खपल्या, त्या महिन्यात किंवा त्यानंतर दूध नेहमीपेक्षा जास्त आलं, असं काही दिसेना. पाच वर्षांत संघाने नव्या गावांत केंद्रं उघडली होती. नव्या गावांचं दूध आलं आणि नव्या गावांत पिशव्याही गेल्या. पडद्यावरच्या दोन्ही रेषा बऱ्याच अंशी त्या केंद्रांच्या होत्या.

"म्हणजे मॅडम, पावडर बोगस आहे का?" चेअरमन साहेबांनी विचारलं.

"नाही साहेब. पावडर चांगली असू शकते. या आलेखातून ते कळत नाही, एवढंच."

हा फरक समजावताना मला सगळ्यात जास्त वेळ लागला. डिफरन्सिंगने संबंध खोटा ठरत नाही, पुरावा म्हणून दाखवलेला आकडा फक्त बाद होतो. उलट वजाबाकीची स्वतःची किंमतही असते. ज्या गाईला दोन वर्षांत हळूहळू फरक पडतो, तो महिन्यागणिक बदलांत गोंगाटाखाली दबून जातो. आमच्या संकलनाच्या आकड्यांत मोजमापाच्या चुका असतात, आणि दोन चुकीच्या आकड्यांची वजाबाकी केली की सावकाश होणाऱ्या बदलाच्या मानाने चूक मोठी दिसू लागते. मुळात स्थिर असलेल्या मालिकेची उगाच वजाबाकी केली तर तिच्यात नसलेली वर-खाली उडी नव्याने तयार होते. सरसकट सगळ्याची वजाबाकी करणारे लोकही मला भेटलेत, ते सल्लागारांचेच चुलत भाऊ.

आणि काही जोड्या खरोखर जन्माच्या बांधलेल्या असतात. एकाच मालाचे दोन जवळच्या बाजारांतले भाव घ्या. प्रत्येक भाव रँडम वॉकसारखा कुठेही भटकेल, पण दोघांतलं अंतर फार वाढलं की व्यापारी स्वस्त बाजारातून उचलून महाग बाजारात नेतात आणि अंतर पुन्हा कमी होतं. इथे दोन्ही मालिका अस्थिर आणि त्यांच्यातलं अंतर मात्र स्थिर. याला कोइंटिग्रेशन म्हणतात. अशा जोडीत फक्त बदल बघितले तर त्यांना बांधणारी दोरीच फेकून दिल्यासारखं होतं. रॉबर्ट एंगल आणि ग्रेंजर यांनी १९८७ मध्ये ही दोरी तपासायची रीत दिली. खोट्या संबंधांची भीती घालणाऱ्या ग्रेंजरनेच खरे कसे ओळखायचे तेही सांगितलं, आणि २००३ च्या त्याच्या नोबेलमागे मुख्यतः हेच काम होतं. दूध आणि पिशव्यांत अशी दोरी आहे का, तेही मी तपासलं. दोघींतलं अंतर परत यायचं नाव घेत नव्हतं.

सक्तीची कपात त्या वर्षी पुढे ढकलली. माझ्यामुळे असं म्हणणार नाही, निवडणूकही जवळ होती. पण चेअरमन साहेबांनी एक विचारलं, मग कळणार कसं? तेव्हा ठरलं की चिठ्ठ्या टाकून काही केंद्रं निवडायची, त्यांना वर्षभर पिशव्या संघाच्या खर्चाने द्यायच्या, बाकीच्यांना नाही, आणि दोन्हीकडचं प्रत्येक गाईमागचं दूध मोजायचं. वर्ष अजून पुरं झालेलं नाही. काकूंच्या गावाचं केंद्र चिठ्ठीत निघालं नाही, त्याबद्दल त्या माझ्यावर थोड्या नाराज आहेत.